त्रास देणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला समोरासमोर बसवू नका: नव्या वर्गशिक्षकांसाठी

समजा, सिडकोतल्या एका शाळेत मधल्या सुट्टीत सातवीतल्या तिघांनी एका मुलाचा डबा हिसकावला, त्याला ढकललं आणि चौथ्याने मोबाइलवर चित्रण केलं. तुम्ही पोहोचलात की आधी मुलांना वेगळं करा आणि बघ्यांना वर्गात पाठवा. मार लागलाय का, ते पाहा.

नवे शिक्षक इथेच चुकतात. त्रास देणाऱ्यांना आणि त्या मुलाला समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ म्हणतात. हे समान ताकदीच्या भांडणात चालतं. इथे एकाला तिघांची भीती आहे. त्यांच्यासमोर तो ‘काही नाही, मस्करी होती’ असंच म्हणणार, आणि शाळा सुटल्यावर त्याला पुन्हा गाठलं जाणार.

म्हणून प्रत्येकाशी एकेकट्याने बोला, पीडित मुलाशी सर्वांत आधी. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न टाळा, त्याला तो आरोप वाटतो. ‘काय झालं, याआधी कधी झालं?’ असं विचारा. उत्तर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा. चित्रण कोणाकोणाला गेलं ते नोंदवून पुढे पाठवणं थांबवा. मुख्याध्यापकांना आणि दोन्हीकडच्या पालकांना त्याच दिवशी कळवा, पण पालकांना वेगवेगळ्या वेळी बोलवा. लैंगिक छळाची शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत मिटवता येत नाही.

नंतर महिनाभर दर आठवड्याला पीडित मुलाला एकट्याला विचारा. त्रास थांबल्यासारखा दिसला, तरी तो डबा कोणासोबत खातो हे बघा. एकटाच खात असेल, तर आता त्याला वाळीत टाकलंय.