तेरा लाखांवरून अठरा लाख, पण हातात किती?

"इंदूरला रामबागेत आई-बाबांसोबत आमच्याच घरात राहते. नोकरीला 4 वर्षं 8 महिने झाले, सीटीसी 13 लाख, नोटीस 90 दिवसांची. पुण्याहून एका रिक्रूटरचा मेसेज आलाय : प्रोफाइल आवडलं, 18 लाख देऊ, त्यात दीड लाख व्हेरिएबल, पुण्याला यायची तयारी आहे का? लवकर जॉइन झालात तर नोटीसचे पैसे आम्ही भरू. काय कळवू?"

लगेच "हो" कळवू नका. त्या एका शब्दानंतर पगाराची घासाघीस अवघड होते.

बेसिक फिक्स्ड सीटीसीच्या निम्मं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो असं धरलंय. तुमच्या 13 लाखांतून कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा केली, मग 75 हजारांची प्रमाणित वजावट घेतली, की करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत येतं. नव्या करप्रणालीत 2025-26 च्या दरांनी कर शून्य. महिन्याला साधारण साडेब्याण्णव हजार हातात. पुण्याच्या साडेसोळा लाख फिक्स्डवर मात्र करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या वर गेल्याने ही शून्य कराची सूट जाते आणि वर्षाला जवळपास 99 हजार कर बसतो. हातात येतात 1 लाख 9 हजार. म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांचीच वाढ! पीएफमध्ये थोडी जास्त भर पडेल, पण त्यातून भाडं देता येत नाही.

एका माणसाचा छोटा फ्लॅट 25 हजार, जेवणखाण-वीज-गॅस 8 हजार आणि इंदूरच्या फेऱ्यांचे सरासरी 4 हजार धरू. रामबागेत यातलं बरंचसं आई-बाबांच्या खर्चात मुरतं, म्हणून आज दिसत नाही. हे 37 हजार भरून निघायला फिक्स्ड पगार 20 लाखांच्या आसपास लागतो. व्हेरिएबल मी हिशेबात धरतच नाही. पहिल्या वर्षी ते पूर्ण मिळेल याची हमी कोण देतं?

आता तारीख. आज राजीनामा दिलात तर नोटीस संपताना 4 वर्षं 11 महिने होतील. ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षं लागतात. तुमच्या 54 हजार बेसिकवर 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 1 लाख 56 हजार, तेही करमुक्त. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी पुरे, असं काही निकाल म्हणतात. पण तो वाद एचआरशी घालण्यापेक्षा राजीनामाच पाच-सहा आठवड्यांनी द्या. नोटीसचे पैसे भरून लवकर बोलावणं म्हणूनच तुम्हाला महाग पडेल.

उत्तर असं पाठवा : "पुण्याला यायची तयारी आहे. फिक्स्ड 20 लाखांपासून बोलू. मला इथून निघायला साडेचार महिने लागतील. लवकर हवी असल्यास बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीची भरपाई जॉइनिंग बोनसमध्ये द्यावी." बोनसवर कर लागतो, तेव्हा आकडा दोन लाखांच्या खाली नको. आणि वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करायची अट ऑफर लेटरमध्ये आहे का, ते सहीआधी बघा.