‘प्रमाणात वाटला’ म्हणजे कशाच्या प्रमाणात?

प्रश्न: भागीदारीच्या गणितात कुणी ‘नफा प्रमाणात वाटा’ म्हणतं, कुणी ‘गुणोत्तरात वाटा’. बरोबर काय? आणि भांडवल वेगळं, महिनेपण वेगळे असले तर प्रमाण नक्की कशाचं धरायचं?

दोन्ही शब्द बरोबर आहेत, फक्त जागा वेगळ्या. आकडे सांगायचे तर गुणोत्तर, म्हणजे ‘२:१:२ या गुणोत्तरात’. कशाला धरून वाटलं ते सांगायचं तर प्रमाण, म्हणजे ‘भांडवलाच्या प्रमाणात’. त्यामुळे ‘प्रमाणात’च्या आधी ‘कशाच्या’ याचं उत्तर यायलाच हवं, आणि नेमकं तेच गाळून ‘प्रमाणात वाटून टाकला’ म्हणणारे इतके भेटतात की ऐकून कान किटले. ऐकणारा मग आपल्या मनाने ‘भांडवलाच्या’ धरतो आणि हिशोब तिथेच चुकतो.

काहीजण सांगतात की ‘प्रमाण’ सैल शब्द आहे, शुद्ध गणिती शब्द म्हणजे ‘गुणोत्तर’. मला हे अजिबात मान्य नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) ‘गुणोत्तर’ येतो तो श्रेढीच्या संदर्भात, जिथे प्रत्येक पद ठरावीक पटीने वाढत जातं. दोन रकमांची तुलना हा अर्थ त्याला नंतर चिकटला. उलट ‘प्रमाण’ तिथे अगदी काटेकोर आहे. त्रैराशिकात तीन राशी असतात, प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण म्हणजे जिच्याबद्दल आपल्याला आधीच माहिती आहे ती राशी, फल म्हणजे तिच्यामुळे मिळालेलं, आणि इच्छा म्हणजे जिचं फल काढायचंय ती. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात, फल वेगळ्या जातीचं, असं सूत्रातच सांगितलंय. धातू ‘मा’, मोजणे, त्यावरूनच मान, परिमाण. म्हणजे प्रमाण हे मुळात मोजायचं माप आहे, आणि माझं ठाम मत असं की मराठीतलं ‘अमक्याच्या प्रमाणात’ हे थेट या त्रैराशिकातूनच आलेलं आहे, कारण आपण ते वापरतो तेव्हा दरवेळी मनात ‘एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती’ हाच प्रश्न असतो.

आता भागीदारी. लीलावतीतच तीन व्यापाऱ्यांचं उदाहरण आहे, त्यांच्या रकमा ५१, ६८ आणि ८५, व्यापार करून सगळ्यांच्या मिळून झाल्या ३००, वाटून द्या. बेरीज २०४, म्हणून पहिल्याला ३०० × ५१ ÷ २०४ = ७५, आणि तसंच बाकीच्यांना १०० आणि १२५. इथे २०४ हे प्रमाण, ३०० फल, आणि प्रत्येकाची रक्कम ही इच्छा. प्रत्येकाने घातलेल्या रकमेला तिथे ‘प्रक्षेप’ म्हटलंय, क्षिप् म्हणजे टाकणे, आपण ‘धंद्यात पैसे टाकले’ म्हणतो ना, तेच. पण या उदाहरणात महिने नाहीत, सगळ्यांचे पैसे सारखाच काळ अडकलेत असं धरलंय, म्हणून नुसती रक्कम माप म्हणून चालते.

महिने वेगळे झाले की चालत नाही, कारण जाती जुळत नाहीत. समजा पहिल्याने ६० हजार टाकले, पूर्ण १२ महिने. दुसरा तीन महिन्यांनी आला, त्याने ४० हजार टाकले. तिसऱ्याने सुरुवातीलाच ८० हजार टाकले पण सहा महिन्यांनी त्यातले ४० हजार काढून घेतले. वर्षाचा नफा ९० हजार. यात ६०, ४० आणि ८० हे आकडे एका जातीचे दिसतात पण नाहीत, एक वर्षभर अडकलेला आहे, एक नऊ महिने, आणि एक तर मधेच निम्मा झालाय. मग असं माप हवं ज्यात पैसे आणि काळ दोन्ही येतील, आणि ते म्हणजे एक हजार रुपये एक महिना अडकले. त्याला ‘हजार-महिना’ म्हणू.

पहिल्याचे ६० × १२ = ७२०. दुसऱ्याचे ४० × ९ = ३६०. तिसऱ्याचे दोन तुकडे करायचे, ८० × ६ = ४८० आणि ४० × ६ = २४०, मिळून ७२०. एकूण १८००. आता त्रैराशिक मांडा: १८०० हजार-महिन्यांना ९० हजार, तर ७२० ला किती? ३६ हजार. दुसऱ्याला १८ हजार, तिसऱ्याला ३६ हजार, बेरीज ९० हजार जुळली. गुणोत्तर २:१:२. नुसत्या सुरुवातीच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटलं असतं तर ३०, २० आणि ४० हजार आले असते, म्हणजे वर्षभर पैसे न हलवणाऱ्याचे सहा हजार गेले, आणि त्यातले चार मिळाले ते मधेच पैसे काढून घेणाऱ्याला!

गुणाकारच का, असं विचारलं की बरेच शिकवणारे ‘नियम आहे’ म्हणून गप्प बसवतात. अहो, कारण सोपं आहे. ४० हजार ९ महिने अडकणं आणि एकच हजार ३६० महिने अडकणं हे या हिशोबात सारखंच धरलंय, आणि मुदत निम्मी केली तर वाटा मोजायचा आकडाही निम्मा व्हायला हवा, रकमेचंही तसंच. हे दोन्ही गुणाकारात होतं. कुणी निम्मा नफा भांडवलावर आणि निम्मा महिन्यांवर वाटायची युक्ती सांगतात. ती तपासायची तर तिघांतल्या एकाला फक्त एक रुपया टाकून वर्षभर बसवा आणि बाकी दोघांनाही वर्षभराचेच धरा, महिन्यांच्या अर्ध्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे एकूण नफ्याचा सहावा भाग, तो एका रुपयावर घेऊन जाईल.

यात गृहीत एकच, की दर हजारामागे दर महिन्याला नफा सारखा झाला. खरा नफा शेवटच्या दोन महिन्यांतच झाला असेल तर ही रीत ते पकडू शकत नाही, आणि वाटणीचा वेगळा करार असेल तर करारच चालतो. काम बघणाऱ्या भागीदाराला पगार ठरला असेल तर तो आधी वजा करायचा आणि उरलेलं या मापाने वाटायचं.

तिसऱ्याच्या बाबतीत ‘सरासरी ६० हजार, १२ महिने’ असंही काहीजण करतात आणि उत्तर ७२० बरोबर येतं, पण ते फक्त दोन्ही तुकडे सहा-सहा महिन्यांचे आहेत म्हणून. चार महिन्यांनी काढले असते तर ८० × ४ आणि ४० × ८ मिळून ६४० आले असते, सरासरीवाला तरी ७२० च धरून बसला असता.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो मराठीमुळेच. ‘तीन महिन्यांनी आला’ म्हणजे त्याचे महिने नऊ, तरी घाईत तीनच गुणले जातात, कारण वाक्यात आकडा तीन दिसतो. ‘तीन महिन्यांसाठी आला’ असतं तर तीन. ‘चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला आला’ म्हणजे पुन्हा नऊच, आणि ‘चार महिन्यांनी आला’ म्हणजे आठ. म्हणून गुणायच्या आधी प्रत्येकाच्या नावापुढे पैसे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत अडकले ते लिहून काढा, महिने त्यातून मोजा, वाक्यातला आकडा उचलू नका.