‘हाय प्रोटीन मल्टीग्रेन’ बिस्किटाच्या पुड्यामागचा हिशेब

प्रश्न: वडिलांना शुगर आहे. चहासोबत द्यायला मी ‘हाय प्रोटीन, मल्टीग्रेन, नॅचरल’ लिहिलेली महागडी बिस्किटं आणतो. आई म्हणते, त्यापेक्षा भाकरी बरी. पुड्यावर लिहिलेलं कितपत खरं असतं? मागच्या बाजूला नेमकं काय बघायचं?

उत्तर:

मी परभणीला अन्नतंत्र शिकलो आणि पुढे काही वर्षं बिस्किटाच्या कारखान्यात काढली. पुड्याची पुढची बाजू विकणाऱ्यांची आणि मागची कायद्याची, हे तिथेच कळलं. पुढे लिहिलेलं बहुधा खोटं नसतं. ते कशाच्या तुलनेत खरं आहे, एवढंच सांगितलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात लातूरला मुलीनं असाच एक पुडा आणला, त्याचाच हिशेब सांगतो. कंपनीचं नाव सोडा, असे दहा पुडे तुम्हाला एकाच फळीवर सापडतील.

आधी प्रोटीन. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन १२ ग्रॅम, ऊर्जा ४७५ किलोकॅलरी, साखर २२ ग्रॅम असं होतं. आता घन पदार्थावर ‘हाय प्रोटीन’ लिहायचं, तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममागे दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रोटीन लागतं. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची गरज ५४ ग्रॅम धरतात, म्हणजे साधारण ११ ग्रॅम झालं की उंबरठा ओलांडला. पुडा नियमात बसतो. पण गंमत अशी, की आपलं साधं गव्हाचं पीठसुद्धा १०० ग्रॅममागे साडेदहाच्या आसपास प्रोटीन देतं. कोरड्या पदार्थाला हा उंबरठा फार उंच नाही.

शिवाय १०० ग्रॅम बिस्किटं एका बैठकीत कोण खातं? तुमचे वडील चार खातील, म्हणजे ३० ग्रॅम. त्यात प्रोटीन ३.६ ग्रॅम. सोबत साखर साडेसहा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड चमचा. गंजगोलाईतून आणलेले फुटाणे तेवढेच ३० ग्रॅम घेतले तर सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, आणि वरून साखर घातलेली नसते.

मी स्वतः एकच गणित करतो. एका ग्रॅम प्रोटीनमागे चार कॅलरी, म्हणून प्रोटीनच्या ग्रॅमला चारने गुणायचं आणि एकूण कॅलरीशी ताडून बघायचं. इथे १२ चोक ४८. ४७५ कॅलरीतल्या ४८ प्रोटीनच्या, म्हणजे दहा टक्के. उरलेल्या नव्वद टक्के मैदा, साखर आणि तेलाच्या. आता ज्वारीचं पीठ घ्या: १०० ग्रॅममागे प्रोटीन १० ग्रॅम, ऊर्जा ३३५ कॅलरीच्या जवळ. १० चोक ४०, म्हणजे बारा टक्के. जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही ती भाकरी इथे ‘हाय प्रोटीन’च्या पुढे निघाली. आईचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे.

भाकरीच्या बाजूनं मी उगाच बोलणार नाही. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा शरीराला अन्नातूनच घ्यावा लागणारा घटक कमी असतो, त्यामुळे ती एकटी तितकी कामाची नाही. वरण किंवा पिठलं सोबत असलं की ती उणीव भरते. बिस्किटात जे सोया प्रोटीन घातलेलं असतं, ते या बाबतीत ज्वारीपेक्षा सरस. आणि भाकरीतही स्टार्च आहेच, शुगरच्या माणसाला तीसुद्धा मोजूनच खावी लागते. किती, ते डॉक्टर सांगतील.

आता मल्टीग्रेन. इथे घटकांची यादी वाचायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, आणि ज्या घटकाचं पुढे नाव घेऊन किंवा चित्र काढून कौतुक केलंय, त्याची टक्केवारी मागे द्यावी लागते. माझ्या पुड्यावर पुढे ज्वारीचं भरलेलं कणीस होतं. मागे असं होतं: मैदा ४८ टक्के, साखर, पाम तेल, सोया प्रोटीन ७ टक्के, मिश्र धान्य पीठ ५ टक्के (नाचणी २, ज्वारी १.५, ओट्स १.५), पुढे लिक्विड ग्लुकोज, फुगवणारे पदार्थ, मीठ.

चार बिस्किटांत ज्वारी किती? अर्ध्या ग्रॅमच्याही आत. आपल्याकडे पिठाच्या डब्यात हात घातला तरी बोटांना त्याहून जास्त चिकटते. ‘मल्टी’ म्हणजे अनेक, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. गहू धरून धान्यं चार प्रकारची आहेत हे खरं, किती आहेत हे वेगळं. मैदा हासुद्धा गव्हाचाच, पण कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला. म्हणून मी पहिला घटक बघतो. तो ‘रिफाइंड’ गव्हाचं पीठ असेल तर पुढचं नाव काहीही असो, ते मैद्याचं बिस्किट. दुसरी खूण म्हणजे मीठ. बिस्किटात मीठ साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं, त्यामुळे एखादं धान्य यादीत मिठाच्याही खाली दिसलं तर ते फक्त नावापुरतं आहे. रंगावर तर जाऊच नका. तपकिरी रंग कोंड्याचा असेलच असं नाही. यादीत ‘रंग (१५०)’ दिसला तर तो कॅरॅमलचा.

साखरेचीही एक चलाखी असते. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप असे वेगवेगळे लिहिले की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. म्हणून यादी सोडून तक्त्यातली ‘ॲडेड शुगर’ची ओळ बघायची, तिथे सगळं एकत्र येतं.

राहिलं ‘नॅचरल’. नियमाप्रमाणे हा शब्द एकाच मूळ पदार्थाला लागतो, ज्यात वरून काही घातलेलं नाही आणि खाण्याजोगं करण्यापुरतीच प्रक्रिया झाली आहे. अनेक घटक मिसळून केलेल्या पदार्थाला ‘नॅचरल’ म्हणता येत नाही. सगळे घटक तसे असतील तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ एवढंच. बिस्किट हा मिश्र पदार्थ, त्यामुळे तिथे नुसतं ‘नॅचरल’ दिसलं की मी यादीच्या शेवटी जातो. बहुतेक वेळा तिथे ‘नैसर्गिक, निसर्गसदृश आणि कृत्रिम स्वाद’ ही ओळ बारीक अक्षरात असते. माझ्या पुड्यावर ती होती, आणि ‘नॅचरल’ पानाच्या चित्रासकट पुढे होतं.

शेवटची एक गोष्ट. काही पुड्यांवर ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना असतो आणि एक सर्व्हिंग म्हणजे दोनच बिस्किटं धरलेली असतात. साखर एकदम थोडी वाटते. दोन पुड्यांची तुलना करायची तर दोन्हींचे १०० ग्रॅमचे रकानेच शेजारी धरा, आणि वडील खरोखर किती बिस्किटं खातात ते घरी एकदा काट्यावर ठेवून बघा. आमच्याकडे ‘चार’ म्हणणारे सासरे सहा खात होते.