मावसभाऊ दर दोन महिन्यांनी उसने पैसे मागतो, काय करू?

‘मावसभाऊ डोंबिवलीला राहतो. आधीचे आठ हजार बाकी असताना आता पंधरा मागतोय. नातं न तोडता नाही कसं म्हणू?’

त्याच दिवशी फोन करून सांगा: “दादा, या वेळी मला जमणार नाही. आधीचे आठ फिटेपर्यंत नवे देणार नाही.” कारण देऊ नका. “हप्ता आहे” म्हणालात, तर हप्ता गेल्यावर पुन्हा फोन येतो. “बघतो” तर नकोच, तो त्याला होकारच वाटतो आणि तो तुमच्या भरवशावर राहतो.

आठ हजारांसाठी महिन्याला दोन हजार, चार हप्ते ठरवा. पगार एक तारखेला होत असेल तर तीन तारीख धरा. वीस तारखेपर्यंत खिशात काही उरत नाही. त्याच्याच बँकेतून आपोआप जातील असं लावून घ्या, म्हणजे तुम्हाला दरवेळी आठवण करून द्यावी लागणार नाही. ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहा आणि त्याचं “हो” येऊ द्या.

खरंच मुलाची फी अडली असेल, तर झेपेल तेवढी थेट शाळेत भरा. ती मदत समजा, उसनवारीत धरू नका.

मावशीला मात्र मध्ये घालू नका. तिथूनच अबोला सुरू होतो.