लाल सरकारी गोळी, डॉक्टरांची स्ट्रिप आणि दुबईची बाटली: तिन्ही एकदम घ्यायच्या का?

प्रश्न: आम्ही देवगडजवळ राहतो. बायकोला पंधरावा आठवडा चालू आहे, हिमोग्लोबिन १०.४ आलंय. उपकेंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या, खासगी डॉक्टरांनी आयर्नची वेगळी स्ट्रिप लिहून दिली आणि दुबईहून भावाने गरोदरपणाच्या व्हिटॅमिनची बाटली पाठवली. तिन्हींत लोह आणि फॉलिक ॲसिड दिसतं. तिन्ही घ्यायच्या का? आणि पाकिटावरचं नेमकं काय वाचायचं?

उत्तर:

तिन्ही एकत्र घेऊ नका. लोहासाठी यांतली एकच गोष्ट चालू ठेवायची. कोणती, ते पाकिटावरचे आकडे मांडले की दिसतं. औषधांच्या दुकानात मी रोज हीच पाकिटं हाताळते आणि बहुतेकांची फसगत एकाच ओळीवर होते, म्हणून आधी ती ओळ सांगते.

लोहाच्या गोळीत नुसतं लोह नसतं, लोहाचा क्षार असतो. क्षाराचं वजन वेगळं आणि त्यातून शरीराला मिळू शकणारं लोह वेगळं. या दुसऱ्या आकड्याला पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणतात आणि मोजायचा तोच. एखाद्या गोळीवर ‘फेरस फ्युमरेट २०० मिग्रॅ’ असेल तर त्यात खरं लोह साधारण ६५ मिग्रॅ असतं, कारण फ्युमरेटच्या वजनाचा तिसरा हिस्साच लोह असतो. ‘फेरस ग्लुकोनेट ३०० मिग्रॅ’ लिहिलेल्या गोळीत जेमतेम ३५ मिग्रॅ. म्हणजे ३०० वाली गोळी २०० वालीपेक्षा हलकी निघते. उलट ‘फेरस ॲस्कॉर्बेट इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल आयर्न १०० मिग्रॅ’ असं लिहिलं असेल तर १०० हा आकडा लोहाचाच, त्याचा आणखी हिस्सा काढायचा नाही. ‘इक्विव्हॅलंट टू’ किंवा ‘एलिमेंटल’ हे शब्द आधी शोधा. ते कुठेच नसतील तर केमिस्टला विचारा, अंदाजाने धरू नका.

फॉलिक ॲसिडची गडबड एककाची असते. ते कुठे मिलिग्रॅममध्ये छापतात, कुठे मायक्रोग्रॅममध्ये. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. त्यामुळे ०.५ मिग्रॅ आणि ५०० एमसीजी एकच. मेडिकलमध्ये सहज मिळणारी ५ मिग्रॅची गोळी मात्र सुरुवातीच्या महिन्यांत लागणाऱ्या ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डॉक्टर मुद्दाम इतका मोठा डोस देतात. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून तो आपणहून घ्यायचा नसतो.

परदेशी बाटलीवर फॉलिक ॲसिड तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं: ‘फोलेट ६८० एमसीजी डीएफई’ आणि कंसात ‘४०० एमसीजी फॉलिक ॲसिड’. डीएफई हे अन्नातल्या फोलेटच्या तुलनेत केलेलं मोजमाप आहे. गोळीतलं फॉलिक ॲसिड अन्नातल्या फोलेटपेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून त्याला १.७ ने गुणतात. आपली बेरीज करताना कंसातला आकडा घ्यायचा. त्याच बाटलीवर ‘सर्व्हिंग साइझ’ही बघा. ‘दोन गोळ्या’ लिहिलं असेल तर खाली छापलेले सगळे आकडे दोन गोळ्यांचे असतात. इथे तर शिकलेली माणसंही चुकतात.

आता तुमची बेरीज. तिन्ही लेबलं तुम्ही लिहिलेली नाहीत, म्हणून नेहमी दिसणारे आकडे धरते. तुमच्या पाकिटावर वेगळे असतील तर त्या जागी ते घाला.

लाल सरकारी गोळीत लोह ६० मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांच्या स्ट्रिपमध्ये बऱ्याचदा लोह १०० मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड १.५ मिग्रॅ. बाटलीत, दोन गोळ्यांमागे, समजा लोह २७ मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड ८०० मायक्रोग्रॅम. सगळं मिळून दिवसाला लोह १८७ मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड २.८ मिग्रॅ होतं.

एवढ्या लोहाने रक्त लवकर वाढेल असं वाटतं, पण तसं होत नाही. मोठा डोस पोटात गेला की शरीर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्यातून लोह आत यायचं दार साधारण दिवसभर आवळून धरतं. न शोषलेलं लोह आतड्यातच राहतं. मळमळ, पोटात मुरडा, खडा होणं हे त्यातूनच येतं. मग बाई कंटाळून सगळ्याच गोळ्या सोडते आणि खरं नुकसान तिथे होतं. शौच काळी होणं मात्र नेहमीचं आहे, तेवढ्यावरून गोळी बंद करू नका. ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची असेल तर डॉक्टरांना दाखवा.

फॉलिक ॲसिडचं म्हणाल तर बाळाच्या मज्जानळीचं, म्हणजे ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिचं, तोंड गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होतं, म्हणजे पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांत. म्हणूनच ही गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यायची असते. पंधराव्या आठवड्यात २.८ मिग्रॅ घेऊन त्या बाबतीत जास्तीचं काही पदरात पडत नाही. शिवाय बी-१२ कमी असेल तर जास्त फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांवरचा परिणाम आतल्या आत चालू राहतो. घरी मासे-अंडी होत नसतील तर बी-१२ एकदा तपासून घ्या.

आता निवड. हिमोग्लोबिन ११ च्या वर असतं तर चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस, एवढं पुरलं असतं. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. १०.४ म्हणजे सौम्य रक्तक्षय. अशा वेळी सरकारी कार्यक्रमातच रोज दोन लाल गोळ्या सांगितल्या आहेत, म्हणजे १२० मिग्रॅ लोह. डॉक्टरांची एक गोळी १०० मिग्रॅची. दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी जातात. डॉक्टरांना बहुधा उपकेंद्राच्या गोळ्यांचं माहीतच नसेल आणि सिस्टरना स्ट्रिपचं. दोन्ही पाकिटं आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘यांतलं एकच कोणतं?’ असं सरळ विचारा. खर्च जड जात असेल तर तेही सांगा. लाल गोळ्या फुकट आहेत आणि औषध म्हणून त्या कुठेही कमी नाहीत. आशाताईंनाही काय ठरलं ते कळवा, नाहीतर कार्डावर चुकीची नोंद होत राहील.

बाटली सध्या बाजूला ठेवा. तिच्यावर एक ओळ मात्र वाचाच: व्हिटॅमिन ए. ‘बीटा कॅरोटीन’ लिहिलं असेल तर काळजी नाही. ‘रेटिनिल पाल्मिटेट’ किंवा ‘ॲसिटेट’ असेल तर ते तयार व्हिटॅमिन ए. गरोदरपणात ते दिवसाला १०,००० आययू, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, कारण जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. याच कारणाने कॉड लिव्हरच्या किंवा मोरी माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या गोळ्या गरोदरपणात नकोत. आपल्याकडे ‘माशाचं तेल, ताकदीला चांगलं’ म्हणून त्या प्रेमाने दिल्या जातात. ओमेगा-३ चं माशाचं तेल माशाच्या मांसातून काढतात, ते वेगळं. लेबलवर ‘लिव्हर’ शब्द दिसला की थांबा.

एकाच प्रकारची गोळी घ्यायची, तर ती लागू पडेल अशा वेळी घ्या. चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाला अडवतात. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमची ५०० मिग्रॅची गोळीही दिवसातून दोनदा असते, म्हणून वेळ वाटून द्यावी लागते. सकाळी आठला न्याहारीनंतर कॅल्शियम. अकराच्या सुमारास लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. एकला जेवण, चहा चारला. दुसरं कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर लोह दुपारच्या भात-माशांबरोबर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटणार नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह यांत चार तास ठेवा. ॲसिडिटीचं औषधही लोहाचं शोषण कमी करतं, ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. साधारण १ ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे तुमच्याकडे ११.४ च्या आसपास. वाढलं नाही तर आपणहून डोस वाढवू नका. आधी गोळी खरंच रोज गेली का आणि चहाबरोबर जात नव्हती ना, हे तपासा. तसं काही नसेल तर सीबीसी रिपोर्टमधला ‘एमसीव्ही’, म्हणजे लाल पेशींच्या आकाराचा आकडा, डॉक्टरांना दाखवा. तो खूप कमी असेल आणि लोह घेऊनही हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करतात. तसं निघालं तर तीच तपासणी तुमचीही करावी लागेल. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं किंवा चालताना धाप लागायला लागली तर महिनाभर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने गोळ्या लवकर खराब होतात. स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका, चुलीवरच्या फळीवर ठेवू नका. कोटिंग फुटलेली, चिकट झालेली, डाग पडलेली गोळी टाकून द्या. घरात लहान मूल असेल तर लाल गोळ्या कडीकुलपात हव्यात, कारण त्या गोड लागतात आणि चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. मुलाने त्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पाकीट घेऊन लगेच रुग्णालयात जा. सुरुवातीची उलटी थांबून मूल काही तास अगदी ठणठणीत दिसतं आणि त्यानंतर एकदम ढासळतं, म्हणून ते खेळतंय हे बघून घरी थांबू नका.