हे टक्के कोणाचे?

“मॅडम, अ‍ॅश, मिलग्रॅम सगळ्यांचे प्रयोग वाचलेत, तक्ताही केलाय. तरी पेपरात एकाचं दुसऱ्याला जातं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?”

परीक्षा जवळ आली की मानसशास्त्राची एम.ए.ची मुलं हेच विचारत येतात. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, त्यामुळे धीर देण्याआधी पुरावा मागते. या मुलीचा पुरावा म्हणजे तिची वही. पद्धत, नमुना, निष्कर्ष, टीका असे चार रकाने, अक्षर सुरेख. अ‍ॅशसमोर ३७ टक्के, मिलग्रॅमसमोर ६५ टक्के. खाली लाल शाईत : “अधिकाराचा दबाव गटाच्या जवळजवळ दुप्पट.”

“हे ६५ टक्के कोणाचे?”

“माणसांचे. १९६३च्या प्रयोगात ४० पुरुष होते, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देताना त्यांतले २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले.”

“आणि ३७?”

“तेही माणसांचेच ना?”

नाही, ते उत्तरांचे आहेत. अ‍ॅशच्या प्रयोगात रेघांची लांबी जुळवायची होती. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत बाकीचे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटासारखी चुकली. माणसं मोजली तर साधारण तीन-चतुर्थांश जण एकदा तरी गटामागे गेले आणि उरलेले एकदाही गेले नाहीत.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. “म्हणजे हे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत! आणि ७५ घेतले तरी नाही, कारण एकदा चुकणं वेगळं आणि शेवटपर्यंत जाणं वेगळं.” हे दुसरं मी सांगितलं नव्हतं. अशा वेळी गप्प बसायला मी बऱ्याच वर्षांत शिकले आहे. लाल ओळ तिने स्वतःच खोडली. स्मरणशक्तीचा विषय पुन्हा निघाला नाही. कशातले टक्के हे न लिहिलेला आकडा कोणत्याही नावाला चिकटतो, एवढंच होतं.

टीकेच्या रकान्यात मात्र सगळीकडे “नमुना लहान, नैतिक प्रश्न” होतं. मी एक अट घातली : टीका लिहिताना त्याच ओळीतल्या कोणत्या रकान्यावर बोट ठेवतेस ते दाखव. अ‍ॅशचं बोट नमुन्यावर गेलं, कारण ते अमेरिकन कॉलेजातले तरुण पुरुष होते. १९८०मध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांना ब्रिटनमधल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत ३९६ फेऱ्यांमध्ये एकच उत्तर गटामागे गेलेलं दिसलं. मिलग्रॅमचं पद्धतीवर : विजेचे झटके खरे आहेत असं लोकांना वाटलं तरी होतं का, हा ऑर्न आणि हॉलंड यांचा १९६८चा आक्षेप. शिवाय ६५ टक्के एकाच मांडणीचे आहेत. प्रयोगकर्ता खोलीबाहेरून फोनवर सूचना देऊ लागला तेव्हा ते सुमारे २० वर आले. म्हणून पद्धतीच्या रकान्यात नुसतं “प्रयोग” पुरत नाही, कोणती मांडणी तेही हवं.

पुढच्या वेळी ती झिम्बार्डोचा तुरुंगाचा प्रयोग घेऊन आली. “मॅडम, यात टक्केच नाहीत.”

“मग काय दिसलं ते लिही. आणि पहारेकऱ्यांना आधी काय सांगितलं होतं, ते पद्धतीत.”

“तिथेच टीका तयार होते की!”