खोक्यावरचे ‘ही बाजू वर’, ‘नाजूक’ आणि त्यांच्यासोबतची चित्रे

प्रश्न : “मालाच्या खोक्यांवर ‘धिस साइड अप’ आणि ‘फ्रॅजाइल’ असे छापलेले असते. मराठीत ‘ही बाजू वर’ आणि ‘नाजूक’ चालेल का? आणि बाण, पेला, छत्री या चित्रांचा नेमका अर्थ काय?”

‘ही बाजू वर’ हे शब्द खोक्याच्या माथ्यावर छापले तर अगदी बरोबर आहेत, उभ्या बाजूंवर छापले तर मात्र नाहीत. ‘ही’ हे दर्शक सर्वनाम असल्याने ते ज्या पृष्ठावर छापलेले असते त्याच पृष्ठाकडे बोट दाखवते. त्यामुळे उभ्या बाजूवर ‘ही बाजू वर’ असे वाचून एखाद्याने प्रामाणिकपणे तीच बाजू आकाशाकडे केली, तर खोका आडवा होतो आणि दोष वाचणाऱ्याचा राहत नाही. सूचना तर उभ्या बाजूंवरच हवी, कारण थप्पीत रचल्यावर खोक्याचा माथा वरच्या खोक्याखाली झाकला जातो.

चित्राला ही अडचण येत नाही. मालाच्या हाताळणीच्या चिन्हांसाठी ‘आयएसओ ७८०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात या सूचनेसाठी आडव्या रेघेवर उभे असलेले, वर टोक असणारे दोन बाण आहेत. रेघ म्हणजे तळ आणि बाणाचे टोक म्हणजे वरची दिशा असे समजले की चित्र वाचून होते. हे चिन्ह चारही उभ्या बाजूंवर, डावीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळ असावे, आणि पेल्याचे चिन्हही त्याच जागी द्यायचे असेल तर बाणांना कोपऱ्याच्या अधिक जवळची जागा द्यावी, असे मानक सांगते. यामागचे कारण व्यवहारातले आहे : थप्पीतल्या खोक्याची एखादीच बाजू समोर दिसते आणि ती कोणती असेल हे आधी सांगता येत नाही.

बाण हे पृष्ठ दाखवत नसून दिशा दाखवतात, म्हणून मराठीतही दिशाच सांगणारे शब्द निवडावेत. ‘खोका उभा ठेवा’ हे पहिल्यांदा सुचते, पण ते फसवे आहे. लांबट वस्तूची लांब कड जमिनीला काटकोनात असली की आपण तिला ‘उभी’ म्हणतो. मग लांब, रुंद आणि कमी उंचीचा खोका, ज्यावरचे बाण त्याच्या आखूड मापाच्या दिशेने आहेत, तो ‘उभा ठेवा’ वाचून कोणीही नेमका चुकीचा उभा करील. ‘उलटा करू नका’ हेही अपुरे पडते, कारण त्यात माथा खाली करण्याची मनाई असली तरी कुशीवर आडवा टाकण्याची मनाई नाही, आणि बाण दोन्हींची मनाई करतात. म्हणून उभ्या बाजूंवर ‘बाणाचे टोक वर ठेवा’ असे लिहावे, जागा असेल तर खाली ‘आडवा किंवा उलटा करू नका’ ही ओळ जोडावी, आणि माथ्यावर ‘ही बाजू वर’ खुशाल छापावे.

आत द्रव नसेल तर बाणांना फारसा अर्थ नाही, असा एक समज आहे. तो काढून टाकायला हवा. पन्हळी पुठ्ठ्याच्या आतले नागमोडी कागदाचे नळ बहुतेक खोक्यांत वरून खाली असे उभे असतात आणि थप्पीचा भार तेच पेलतात. खोका कुशीवर टाकला की त्याच्या काही भिंतींतले नळ आडवे होतात, भार पेलण्याची ताकद उतरते आणि खालचे खोके दबू लागतात. भिंती मध्यभागी फुगलेल्या आणि कोपरे चेपलेले दिसले, तर थप्पी आडवी रचली गेली का, हे आधी तपासावे.

धोकादायक मालाच्या वाहतुकीत द्रव असलेल्या अनेक पॅकेजांवर असे दिशादर्शक बाण नियमानेच लागतात, किमान दोन समोरासमोरच्या उभ्या बाजूंवर. अशा पॅकेजांवर इतर कशासाठीही बाण छापू नयेत, असेही तो नियम सांगतो. हा संकेत मला सगळ्याच खोक्यांसाठी योग्य वाटतो. ‘येथून उघडा’ यासाठी छापलेला आडवा बाण घाईत दिशेचा बाण म्हणून वाचला जाऊ शकतो.

आता ‘फ्रॅजाइल’. ‘ठिसूळ’ हा शब्द इथे टाळावा. तो पदार्थाचा गुण सांगतो : खडू ठिसूळ असतो, काही दगड ठिसूळ असतात. ‘भंगुर’ अर्थाने जवळचा आहे, पण बोलण्यात तो ‘क्षणभंगुर’ याखेरीज फारसा येत नाही, आणि खोका उचलणाऱ्याला क्षणात कळायला हवा. आत काच किंवा चिनी माती असेल तर मी ‘फुटेल, जपून हाताळा’ असे लिहीन. आत मोजमापाचे यंत्र असेल तर ते फुटत नाही, बिघडते. तिथे ‘नाजूक माल, जपून हाताळा’ योग्य. नुसते ‘नाजूक’ मात्र अपुरे वाटते, कारण ते वर्णन करते पण काय करायचे हे सांगत नाही. पेल्याचे चित्र दोन्ही ठिकाणी तेच राहते. आत पेलेच आहेत असा त्याचा अर्थ नाही, आतला माल पेल्याइतक्या सहज खराब होईल एवढेच तो सांगतो.

छत्री म्हणजे ‘पावसापासून, ओलाव्यापासून जपा’. पुठ्ठा ओला झाला की त्याची ताकद वेगाने घटते, म्हणून आतला माल पाण्याला न घाबरणारा असला तरी हे चिन्ह दिलेले असू शकते. फुली मारलेला हूक म्हणजे ‘हूक लावू नका’. वर्तुळात उभी-आडवी फुली म्हणजे गुरुत्वमध्य, आणि जड बाजू कुठे आहे हे त्यावरून कळते.

सर्वांत जास्त गोंधळ रचण्याच्या चिन्हांत होतो. एका चिन्हात खोक्यावर किलोचा आकडा आणि ‘कमाल’ असते. हा खोक्याचा स्वतःचा भार नसून त्याच्यावर ठेवता येणारा भार असतो. समजा, खोका १२ किलोचा आहे आणि चिन्हात ६० किलो कमाल लिहिले आहे. तर त्याच्यावर तसेच ५ खोके बसतात, म्हणजे तळाचा धरून थप्पी ६ खोक्यांची होते. दुसऱ्या चिन्हात किलोऐवजी खोक्यांची संख्या असते, आणि तिथे ‘६’ वाचून कोणी एकूण ६ रचतो तर कोणी तळाच्या खोक्यावर ६. एका खोक्याच्या या फरकाने तळाच्या खोक्यावर १२ किलो जास्त पडतात. म्हणून मराठीत ‘कमाल ६ थर’ एवढ्यावर न थांबता ‘तळाचा धरून जास्तीत जास्त ६ खोके’ असे लिहावे. वर काहीच ठेवायचे नसेल, तर ‘रचू नका’ असे लिहू नये. हा खोका दुसऱ्यावर ठेवू नका, असाही त्याचा अर्थ घेता येतो. ‘यावर काहीही ठेवू नका’ हे स्पष्ट आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. ही चिन्हे सहसा काळ्या रंगात, आणि पार्श्वभूमी गडद असेल तर तिच्यावर उठून दिसतील अशी छापतात. लाल किंवा नारिंगी रंग शक्यतो टाळतात, कारण धोकादायक मालाच्या लेबलांशी त्यांची गल्लत होऊ शकते.